उकळेपर्यंत झाकण उघडू नका

"फक्त एकदा नजर फिरवायची आहे हो. मशीननं सगळं केलंय," भाषांतर संस्थेतल्या ताई फोनवर म्हणाल्या. इलेक्ट्रिक किटलीची माहितीपुस्तिका होती. मी नजर फिरवायला बसलो आणि तिसऱ्याच ओळीला डोळे फिरले.

ती ओळ अशी होती : 'सत्तेचा पाया नेहमी कोरडा ठेवा.'

कुठल्याशा प्रचारसभेचा कागद किटलीच्या कागदांत मिसळला असावा, असं मला क्षणभर वाटलं. मग मूळ इंग्रजी पाहिलं. तिथं 'पॉवर बेस' होता. म्हणजे किटली ज्याच्यावर बसते ते वायरवालं गोल स्टँड. त्याच्याखाली 'दोरखंडाला टेबलाच्या कडेवरून फाशी जाऊ देऊ नका' असा एक करुण प्रसंग होता. वायर टेबलावरून लोंबकळत ठेवू नका, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. त्यापुढं 'केवळ मातीच्या विक्री केंद्राशी जोडा.' इथं मात्र मी थांबून पाणी प्यायलो. अर्थिंग असलेला सॉकेट म्हणायचं होतं त्यांना.

बायको शेजारी बसून हसत होती. मीही हसत होतो. अशा चुका मला आवडतात. त्या शाळेतल्या दंगेखोर मुलांसारख्या असतात, लांबूनच दिसतात. 'सत्तेचा पाया' वाचून आजवर कुणाला शॉक बसला नसेल. वाचणारा फार तर हसेल आणि पुस्तिका खणात टाकेल. तासाभरात मी पाया, माती, फाशी सगळं साफ केलं. ज्या स्टँडला मशीननं एकाच पानावर 'पाया', 'आधार' आणि 'तळ' अशी तीन नावं दिली होती, त्याला सगळीकडं 'स्टँड' केलं. नाहीतर वाचणारा खोक्यात उरलेल्या दोन वस्तू शोधत बसला असता.

पुढचं काम इशाऱ्यांच्या मथळ्यांचं होतं. मशीननं प्रत्येक चौकटीवर 'चेतावणी' लिहिलं होतं. या शब्दानं मला कोणीतरी चेतवत असल्यासारखं वाटतं, पण ती माझी वैयक्तिक तक्रार झाली. खरी भानगड अशी, की मूळ इंग्रजीत चौकटींवर दोन वेगळे शब्द होते. 'वॉर्निंग' म्हणजे ऐकलं नाही तर जीव जाऊ शकतो किंवा गंभीर इजा होऊ शकते. 'कॉशन' म्हणजे इजा होऊ शकते, पण किरकोळ किंवा मध्यम. मराठीत दोन्हींची 'चेतावणी' झाली की शॉक आणि चटका एकाच पंगतीला बसतात. मी पहिल्याला 'इशारा' केलं. दुसऱ्याला 'सावधान' करून पाहिलं, पण ते वाचून माणूस टाचा जुळवून उभा राहील आणि 'विश्राम'ची वाट बघेल, असं बायकोचं मत पडलं. शेवटी 'खबरदारी' घेतलं. नुसत्या वस्तूचं नुकसान होणार असेल तिथं 'सूचना'. तीन पायऱ्या, तीन शब्द, आणि पुस्तिकेत कुठंही अदलाबदल नाही.

आता सगळं गुळगुळीत झालं होतं. मी अंगठा दाखवून पाठवून देणार होतो. पण माझी एक जुनी खोड आहे. मजकूर सरळ वाचून झाला की शेवटी एकदा मी वाक्यं वाचतच नाही, फक्त त्यांतले बारके शब्द वाचतो : नका, शिवाय, पर्यंत, आधी, नंतर, किंवा, आणि. प्रत्येकावर बोट ठेवायचं आणि मूळ इंग्रजीत त्या जागी काय आहे ते बघायचं. रटाळ काम आहे. बायको त्याला 'उवा काढणं' म्हणते.

तर उवा काढताना हे सापडलं : 'पाणी उकळेपर्यंत झाकण उघडू नका.'

काय सुंदर वाक्य! शुद्ध, आटोपशीर, अगदी घरात बोलतात तसं. मी ते दोनदा वाचून पुढं गेलो होतो, मनातल्या मनात मशीनची पाठही थोपटली होती. 'पर्यंत'वर बोट ठेवलं आणि मूळ पाहिलं. उकळणं थांबेपर्यंत झाकण उघडू नका, असं तिथं होतं. म्हणजे मशीननं नेमकं उलटं सांगितलं होतं. मराठी वाचणारा आज्ञाधारक माणूस पाणी खळखळा उकळू लागण्याची वाट बघणार, आणि मग, आता परवानगी मिळाली म्हणून, झाकण उघडणार. वाफेचा लोट थेट हातावर. वर आणखी एक गंमत म्हणजे अशा बहुतेक किटल्या त्या वाफेमुळेच आपोआप बंद होतात. वाफ आतल्या वाटेनं एका धातूच्या पट्टीपर्यंत जाते, पट्टी तापून वाकते आणि स्विच पडतो. झाकण उघडं असेल तर वाफ भलतीकडं जाते, पट्टी थंडच राहते आणि किटली उकळत राहते. 'थांबे' हा एक शब्द गळला होता, बाकी काही नाही.

त्या क्षणापासून माझी हसण्याची इच्छा गेली. 'सत्तेचा पाया' बिचारा निरुपद्रवी होता. जे वाक्य वाचून मला काहीच खटकलं नव्हतं, तेच हात भाजणारं निघालं. मग मी सगळ्यांत गोंडस वाक्यांकडं संशयानं पाहू लागलो. त्यांतलं एक असं होतं :

'स्वच्छ करण्यापूर्वी प्लग काढून किटली, वायर आणि प्लग पाण्यात बुडवू नका.'

मूळ पाहिलं. साफ करण्याआधी प्लग काढा. आणि किटली, वायर किंवा प्लग पाण्यात बुडवू नका. सगळं जागच्या जागी दिसत होतं. बायकोला विचारलं, "समजतंय ना?" ती म्हणाली, "हो." आता हा प्रश्नच चुकीचा आहे. 'समजतंय ना' म्हटल्यावर 'नाही' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून मी आत्याकडं गेलो. आत्याचं वय पंच्याहत्तर, इंग्रजी शून्य, आणि संशय भरपूर. तिला विचारायचं वेगळं : हे वाच आणि आता तू काय करशील ते सांग.

आत्यानं चष्मा वर सारून वाचलं. म्हणाली, "प्लग काढून बुडवायची नाही म्हणतात."

"हो."

"मग प्लग लावून बुडवलेली चालते का रे?"

मी हसलो, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबलो. मराठीतली ही 'काढून' मोठी लबाड आहे. 'दार उघडून आत जा' म्हटलं की दोन्ही गोष्टी करायच्या. 'दार उघडून आत जाऊ नका' म्हटलं की त्या 'नका'नं फक्त जाणं अडवलं की उघडणंही, हे कुणी सांगावं? इंग्रजीतल्या दोन आज्ञा, एक करायची आणि एक न करायची, मशीननं 'काढून'च्या एका दोरीत बांधल्या. शेवटच्या 'नका'ची सावली दोन्हींवर पडली. आणि प्लग काढा, ही जीव वाचवणारी आज्ञा आज्ञाच उरली नाही.

मी तोडून दोन वाक्यं केली : 'साफ करण्याआधी प्लग सॉकेटमधून काढा. किटली, वायर आणि प्लग पाण्यात बुडवू नका.'

आत्या म्हणाली, "तिन्ही एकदम बुडवत नाही मी. नुसती किटली बुडवीन."

हेही खरंच होतं. इंग्रजीत 'किंवा' होता, तो मशीननं 'आणि' केला होता, आणि उवा काढताना तो माझ्या बोटाखालून निसटला होता. शेवटी असं झालं : 'साफ करण्याआधी प्लग सॉकेटमधून काढा. किटली, वायर, प्लग यांपैकी काहीही पाण्यात बुडवू नका.' आत्यानं परत वाचलं. "म्हणजे प्लग काढायचा आणि ओल्या फडक्यानं पुसायची. पण प्लग काढलाय तर बुडवली म्हणून काय बिघडलं?" किटलीच्या बुडाशी जोडणीचा भाग असतो, त्यात पाणी शिरतं, ते बाहेरून दिसत नाही, आणि पुढच्या वेळी स्टँडवर ठेवून चालू केली की शॉक बसू शकतो, असं मी सांगितलं. "मग हे लिही की तिथं," आत्या म्हणाली.

लिहिता येत नाही, हेच तर दुखणं. किटलीसारख्या उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयईसी ६०३३५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि पुस्तिकेतले बरेचसे इशारे त्याच्याच शब्दांत असतात. त्यातून काही गाळायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. वायरीचं वाक्य हे त्याचं उत्तम उदाहरण. मशीननं लिहिलं होतं : 'वायर खराब झाल्यास उत्पादक, सेवा एजंट किंवा तत्सम पात्र बदलावे.' म्हणजे वायर खराब झाली की कंपनी बदला, नाहीतर भांडं बदला. तसा सल्ला वाईट नाही.

मी ते घरगुती केलं : 'वायर खराब झाल्यास बदलून घ्या.' किती छान वाटतं ऐकायला! पण कुणाकडून, ते उडालं. मूळ वाक्याचा सगळा जीव त्या 'कुणाकडून'मध्ये आहे. १५०० वॉटची किटली २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपियर विजेचा प्रवाह ओढते. हाती लागली ती बारीक वायर कुणी जोडली तर ती तापते. म्हणून मूळ वाक्यात तीनच नावं आहेत, आणि तिन्ही ठेवावी लागली : 'वायर खराब झाली असेल, तर धोका टाळण्यासाठी ती उत्पादक, त्याचा सेवा प्रतिनिधी किंवा तितकीच पात्रता असलेली व्यक्ती यांच्याकडूनच बदलून घेतली पाहिजे.' लांबलं, पण बोलता येतं. भांड्यालाही त्यातून सुटका मिळाली.

पुढं माझा हात शिवशिवला. 'वायरीला टेप गुंडाळून काम भागवू नका' असं एक वाक्य मी लिहूनही टाकलं. टेपनं वरची फाटकी साल झाकते, आतल्या तुटलेल्या तारा जोडल्या जात नाहीत. उरलेल्या थोड्या तारांतून सगळी वीज जाते आणि नेमकी ती जागा तापते. अगदी खरं, अगदी उपयोगी, आणि मूळ मजकुरात कुठंही नाही. जड मनानं खोडलं. ताईंना वेगळ्या कागदावर कळवलं, की मूळ पुस्तिका लिहिणाऱ्यांना हे वाक्य सुचवा. त्यांनी घातलं तर सगळ्याच भाषांत येईल.

शेवटची प्रत आत्याला मोठ्यानं वाचून दाखवली. वायरीच्या वाक्यापाशी तिनं हात वर केला.

"उत्पादक, प्रतिनिधी किंवा पात्र व्यक्ती. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुझ्या किटलीच्या वायरीला ती काळी टेप गुंडाळलीय, ती या तिघांतल्या कुणी?"