एक्यूएल 2.5 आणि ‘125 नग खराब चालतात’

कपड्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्यांत एक समज असतो: ‘एक्यूएल 2.5 म्हणजे शेकडा अडीच खराब चालतात. 5000 च्या ऑर्डरीत 125 खराब नग घालायचा आपल्याला हक्कच आहे. आणि एकदा इन्स्पेक्शन पास झालं की बायरला बोलायला जागा नाही.’

आधी हक्काचं बघू. नमुना तपासणीच्या ज्या आयएसओ 2859-1 या मानकावर बहुतेक बायर बोट ठेवतात, त्यातच स्पष्ट म्हटलंय की एक्यूएल ठरवला म्हणून सदोष नग जाणूनबुजून पाठवण्याचा अधिकार पुरवठादाराला मिळत नाही. लॉटमागून लॉट येत असताना उत्पादनातलं सरासरी सदोष प्रमाण जास्तीत जास्त किती खपवून घेता येईल, त्याची रेघ म्हणजे एक्यूएल. लॉट पास झाला तरी तपासणीत सापडलेले खराब नग बायर परत करू शकतो.

खरा घोळ 125 च्या हिशेबात आहे. इन्स्पेक्टर 5000 नग मोजतच नाही. जनरल लेव्हल 2 या तपासणीच्या नेहमीच्या पातळीला 3201 ते 10000 च्या लॉटसाठी कोड अक्षर एल येतं, म्हणजे 200 नगांचा नमुना. एक्यूएल 2.5 ला 10 सदोष निघेपर्यंत पास, 11 वा निघाला की नापास. आता तुम्ही म्हणाल, 200 त 10 म्हणजे शेकडा पाच, मग तर दुप्पट सूट मिळाली! तसं नाही. नमुन्यात कधी जास्त खराब नग हाती लागतात, कधी कमी. चांगला लॉट निव्वळ नशिबाने नापास होऊ नये म्हणून ही ढील ठेवलेली असते. लॉटमध्ये खरोखर अडीच टक्केच खराब असतील, तर तो शंभरातून साधारण 98-99 वेळा पास होतो. पाच टक्के असतील तर जेमतेम 58 वेळा.

म्हणजे 125 घालूनही लॉट बहुधा सुटेल, हे मान्य. पण ते झाले तुम्हाला माहीत असलेले. तुमच्या चेकरच्या नजरेतून निसटलेले आणखी 125 त्यात असले, तर लॉट पाच टक्क्यांवर गेला आणि दहातल्या चार वेळा तो अडकणार. ही ढील त्या निसटलेल्यांसाठी होती. ती तुम्ही आधीच खर्च केलीत.

शिवाय 2.5 हा आकडा सहसा फक्त मेजर दोषांचा असतो. मायनरला बहुधा 4.0, म्हणजे त्याच 200 नगांत 14 पर्यंत, आणि ही मोजणी वेगळी. क्रिटिकलला शून्य: कपड्यात तुटलेल्या सुईचं एक टोक सापडलं की बाकीचे 199 कितीही सुबक असोत, लॉट नापास.

राहिला पासचा मुद्दा. नंतर क्लेम करता येतो की नाही, हे तुमच्या पर्चेस ऑर्डरच्या अटी ठरवतात, इन्स्पेक्शनचा शेरा नाही. सही करण्याआधी तिथे लेव्हल, तिन्ही वर्गांचे एक्यूएल आणि री-इन्स्पेक्शनचा खर्च कोणाच्या माथी, एवढं वाचून घ्या.