बेदाण्याचे पैसे आणि हप्त्याचा हिशोब

"एकरकमी टाकणारा मंदीत बुडतो, एसआयपीवाला कधीच नाही. एसआयपीत युनिट सरासरीपेक्षा स्वस्त पडतात म्हणून ती नेहमीच जास्त देते. २०२० चं कुठलंही स्टेटमेंट उघडून बघा, एसआयपीला ६६ टक्के, एकरकमीला १८!"

म्युच्युअल फंडात पैसे एकदम टाकावेत की एसआयपीनं, म्हणजे दर महिन्याच्या ठरलेल्या हप्त्यानं, यावरचा हा मेसेज आमच्या सांगलीतल्या चार ग्रुपवर फिरतोय. तासगावच्या मेव्हण्यानं पण पाठवला आणि खाली विचारलं, "दाजी, बेदाण्याचे पैसे आलेत, मग हप्त्यानंच टाकू ना?" म्हणून बसलो रविवारी आणि खरंच स्टेटमेंट काढलं. माझा एक साधा निफ्टी इंडेक्स फंड आहे, ग्रोथ पर्याय, २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं महिनाअखेरीला १०,००० चा हप्ता. काढताना समरी नाही, डिटेल्ड घ्यायचं, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख, एनएव्ही म्हणजे त्या दिवशीचा एका युनिटचा भाव, आणि युनिट दिसतात. (जुलै २०२० पासून स्टॅम्प ड्युटी कापतात त्यामुळं १०,००० च्या जागी ९,९९९.५० दिसेल, घाबरू नका, पन्नास पैसे आहेत ते.) फंडाचं नाव सांगून जाहिरात करायची नाही आणि तुम्हाला पडताळता पण आलं पाहिजे, म्हणून खाली एनएव्हीच्या जागी त्या महिनाअखेरचा निफ्टी ५० चा बंद भाव भागिले शंभर असं धरलंय. लाभांश धरला नाही, तो धरला तर एकरकमीला थोडा जास्तच मिळतो.

पहिलं २०२० घेऊ, कारण मेसेजवाल्याचं आवडतं वर्ष तेच. जानेवारीअखेर भाव ११९.६२, मार्चअखेर ८५.९८, डिसेंबरअखेर १३९.८२. बारा हप्ते म्हणजे १,२०,००० गेले, युनिट आले १०९३.६, वर्षअखेर किंमत १,५२,९०४. तेच १,२०,००० जानेवारीअखेर एकदम टाकले असते तर युनिट १००३.१७ आणि किंमत १,४०,२६१. एसआयपी साडेबारा हजारांनी पुढं. मान्य, सरळ मान्य, यात भांडण नाही. आणि बुडाला म्हणतात तो एकरकमीवाला पण २० हजार नफ्यात आहे बरं का, मार्चमध्ये त्याची झोप उडाली असेल ती गोष्ट वेगळी.

पण ६६ आणि १८ कुठनं आले? ते एक्सआयआरआर आहे. एक्सेलमध्ये A रकान्यात तारखा, B मध्ये बारा हप्ते उणे चिन्हानं आणि शेवटी वर्षअखेरची किंमत लिहून =XIRR(B2:B14,A2:A14) टाकलं की येतं, मी पण काढलं, ६६ च्या आसपासच येतं, एकरकमीचं साडेअठरा. आकडा खोटा नाही, अर्थ खोटा लावलाय. एक्सआयआरआर म्हणजे पैसे जेवढे दिवस फंडात होते तेवढ्याच दिवसांचा वर्षाच्या हिशोबानं दर. नोव्हेंबरचा हप्ता एकच महिना होता, डिसेंबरचा तर एक दिवस पण नाही, आणि उरलेले पैसे तोवर बचत खात्यात झोपलेले, त्यांचा दर यात धरलेलाच नाही. मेसेज वाचून वाटतं एसआयपीनं साडेतीन पट कमावलं. रुपयात बघा, ३२,९०४ विरुद्ध २०,२६१, म्हणजे दीड पटीच्या जरा वर. हातात एकच रक्कम असेल तर रुपये मोजायचे आणि थांबलेल्या पैशाचं व्याज हप्त्यावाल्याच्या बाजूला मिळवायचं, टक्के नाही.

आता तेच स्टेटमेंट एक पान पुढं. २०२१, जानेवारीअखेर १३६.३५, डिसेंबरअखेर १७३.५४. हप्त्याची युनिट ७५८, किंमत १,३१,५४९. पहिल्या दिवशी एकदम टाकले असते तर ८८० युनिट आणि १,५२,७३५. एकवीस हजारांचा फरक, आणि यावेळी उलट बाजूनं. थांबलेल्या पैशावर बचत खात्याचं ३ टक्के धरलं तरी साधारण १,६५० रुपये मिळतात, खड्डा भरत नाही. हे पान मेसेजमध्ये का नाही, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती "सरासरीपेक्षा स्वस्त" या वाक्याची, कारण ते शंभर टक्के खरं आहे आणि तरी उपयोगाचं नाही. ठरलेल्या रकमेत भाव कमी असताना जास्त युनिट येतात, म्हणून तुमची खरेदी किंमत बारा भावांच्या सरासरीच्या खालीच येणार, भाव हलले की झालं, बाजार वर जावो की खाली. २०२१ मध्ये बारा भावांची सरासरी १५९.४३, माझी खरेदी १५८.३०. बघा, स्वस्त पडलं! पण एकरकमीवाल्यानं सरासरी भावानं घेतलंच नव्हतं, त्यानं १३६.३५ ला घेतलं. मार्केट यार्डात वर्षभर थोडी थोडी हळद घेणारा म्हणतो मला सरासरीपेक्षा स्वस्त पडली, आणि शेजारच्यानं हंगामाच्या सुरुवातीला पडलेल्या भावात सगळी उचललेली असते, तसं आहे हे. हप्ता जिंकतो ते पहिल्या दिवसानंतर भाव त्या दिवसाच्या खाली बराच काळ राहिला तरच. २०२० मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर सगळे महिनाअखेर भाव ११९.६२ च्या खाली होते, म्हणून जिंकला. बाजार बहुतेक वर्षं वर जातो, त्यामुळं असं कमी वेळा होतं. व्हॅनगार्डनं २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचे जुने आकडे तपासले होते, तिथं पण साधारण तीनातल्या दोन वेळा एकरकमीच पुढं होती. तिसरी वेळ उरतेच, म्हणून मी "एकरकमी नेहमी" असं पण म्हणत नाहीये.

"एसआयपीवाला कधीच बुडत नाही" याचं उत्तर मेव्हण्याच्याच स्टेटमेंटमध्ये आहे. त्यानं २०२० ला मार्च, एप्रिल, मेचे हप्ते बंद ठेवले होते, लॉकडाऊन, द्राक्षाला गिऱ्हाईक नाही, कोण टाकणार. माझ्या आकड्यातनं तेवढे तीन हप्ते काढून बघितले. त्या तिघांचीच युनिट ३२२ होती. ती गेली की उरतात ७७१, किंमत १,०७,८६८, वर खात्यात राहिलेले ३०,००० धरले तरी १,३७,८६८. एकरकमीच्या १,४०,२६१ च्या खाली! म्हणजे २०२० ची सगळी जीत त्या तीन हप्त्यांत होती, आणि नेमके तेच तीन हप्ते भीतीनं बंद केले जातात. स्टेटमेंटमध्ये तारखांत असं भगदाड दिसलं की समजायचं.

पगारदारांनी यातनं एसआयपी बंद करू नका म्हणजे झालं. पगारातला हप्ता म्हणजे पैसे आले त्या दिवशी टाकले, तिथं एकरकमी नावाचा पर्यायच नसतो, दोघांची तुलनाच होत नाही. प्रश्न फक्त एकदम आलेल्या पैशाचा आहे, बेदाणा, उसाचं बिल, ग्रॅच्युइटी.

मेव्हण्याला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग सगळे एकदम टाकू?" विचारलं, ऑक्टोबर छाटणीला, औषधांना किती लागतील? म्हणाला निम्मे तरी. ते निम्मे एफडीत जाणारेत, इक्विटीत ना एकदम ना हप्त्यानं. उरलेल्या निम्म्यांचं त्याला विचारलं की समज पुढच्या मार्चमध्ये १०० चे ७२ दिसले तर काढशील का. तो गप्प बसला, म्हणून ते आम्ही सहा हप्त्यांत लावलेत, थोडा परतावा सुटेल हे माहीत असून.