वाचन-प्रकल्पातून नेमकं काय दिसतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

“मॅडम, मी सोलापुरातच एम.एस्सी. गणिताला शिकवतो. पीएच.डी.च्या अर्जासाठी वाचन-प्रकल्प करा असं तुम्ही लिहिलंत, पण अमुक पुस्तक वाचलं असं कुणीही लिहील. परीक्षेतले गुण तरी खोटे ठरत नाहीत. आमच्या मुलांनी वर्षभर विषय-परीक्षेचीच तयारी करावी. प्रकल्प हे मोठ्या संस्थांतल्या मुलांचे चोचले आहेत.”

सर, नमस्कार.

परीक्षेचं महत्त्व मला मान्य आहे, आणि आपल्या मुलांसाठी ते जास्तच आहे. निवड करणाऱ्यांना आपलं कॉलेज माहीत नसतं. गुणपत्रिकेवर नुसतं ‘ॲल्जिब्रा’ असतं; त्या पेपरात सायलोची प्रमेयं सिद्ध करून घेतली की नुसती विधानं पाठ झाली, हे त्यांना कळत नाही. अशा वेळी जीआरईच्या गणित विषय-परीक्षेतला चांगला गुण किंवा टीआयएफआरच्या प्रवेश परीक्षेतलं यश एवढं नक्की सांगतं, की पाया पक्का आहे.

पण ती परीक्षा कशाची आहे तेही बघा. जीआरईच्या त्या पेपरात २ तास ५० मिनिटांत साठाहून जास्त बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यातले साधारण निम्मे कॅलक्युलसचे, पाव बीजगणिताचे, आणि उरलेल्या पावात रिअल ॲनालिसिस, टोपोलॉजी असं सगळं. एका प्रश्नाला जेमतेम अडीच मिनिटं मिळतात. अडीच मिनिटांत सुटत नाही अशा प्रश्नाशी विद्यार्थी कसा वागतो, हे त्यातून दिसूच शकत नाही. आणि संशोधन म्हणजे अशाच प्रश्नांशी वागणं. अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी हा गुण आता ऐच्छिक केला आहे किंवा मागणंच बंद केलं आहे. आपल्याकडेही टीआयएफआरला लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते आणि तिथे फळ्यापाशी उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

‘कुणीही लिहील’ हा तुमचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. ‘पी-ॲडिक संख्यांवरच्या पुस्तकाची चार प्रकरणं वाचली’ हे वाक्य मीही अर्जातून खोडायला लावते. त्यातून तपासण्यासारखं काहीच मिळत नाही. तपासता येतं ते कसं असतं, हे माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीच्या कामावरून सांगते.

ती हेन्सेलच्या लेमापर्यंत आली होती. p ने भागून बाकी बघताना बहुपदीचं मूळ सापडलं आणि तिथे विकलज शून्य नसला, तर ते मूळ p², p³ अशा पुढच्या सगळ्या घातांपर्यंत वाढवत नेता येतं, हा त्याचा साधा अवतार. मी तिला x³ = 10 दिलं, p = 3 घेऊन: ३-ॲडिक संख्यांत याला मूळ आहे का? इथे विकलज 3x², म्हणजे ३ ने भागल्यावर बाकी कायम शून्य. साधा लेमा लागूच होत नाही. पुस्तकात पुढे बळकट रूप आहे: विकलजात ३ चा जो घात असेल त्याच्या दुपटीहून जास्त घात f(x) मध्ये असला पाहिजे. x ला ३ ने भाग जात नसेल तर 3x² मध्ये एकच ३ असतो, म्हणून x³ − 10 ला निदान २७ ने भाग जायला हवा. तिने x = 1 घेतलं, उत्तर −9 आलं, २७ ने भाग गेला नाही. वहीत तिने लिहिलं: मूळ नाही.

इथे परीक्षा संपली असती. मी एवढंच विचारलं, “मूळ नाही, की लेमा लागू झाला नाही?”

दोन दिवसांनी ती x = 4 घेऊन आली. 64 − 10 = 54, म्हणजे 2 × 27. लेमा लागू होतो, मूळ आहे. मग ४ च का, हे तिचं तिनेच विचारलं आणि उत्तरही काढलं: (1 + 3y)³ = 1 + 9y + 27y² + 27y³, म्हणजे २७ ने भागताना शेवटची दोन पदं गळतात आणि 1 + 9y उरतं. y ला 0, 1, 2 दिलं की बाकी 1, 10, 19 येते. ९ ने भागून १ उरणाऱ्या संख्यांच्या २७ च्या हिशोबातल्या तिन्ही बाक्या आल्या, म्हणून अशा प्रत्येक संख्येला ३-ॲडिक घनमूळ आहे.

मग तिने हेच p = 2 ला वर्गांसाठी करून पाहिलं आणि ते मोडलं. ५ ला ४ ने भागून १ उरतो, तरी x² = 5 सुटत नाही. कारण (1 + 2y)² = 1 + 4y(y + 1), आणि y(y + 1) नेहमी सम असतं. विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागलं की १ च उरतो. ५ ला उरतात ५. घनाच्या विस्तारात पुढची पदं वरच्या घाताची होती म्हणून गळली. इथे y² चं पद y च्या पदाइतक्याच घाताचं आहे आणि दोघं मिळून गडबड करतात. p व्या घातासाठी विषम p ला p² पर्यंत बघणं पुरतं आणि २ ला ८ पर्यंत का जावं लागतं, हे तिने स्वतःच्या शब्दांत सिद्ध केलं.

यात नवं प्रमेय एकही नाही, आणि अर्जातही तसा दावा नव्हता. पण सहा पानांच्या तिच्या टिपणात पहिला चुकलेला निष्कर्ष, तो का चुकला आणि २ वेगळा का वागतो हे सगळं आहे. वाचणारा प्राध्यापक पाच मिनिटांत ओळखतो की हे उतरवलेलं नाही. शंका आलीच तर मुलाखतीत तो p = 5 देऊन पाचवा घात विचारेल. ज्याने नुसतं वाचलंय तो तिथेच थांबतो. सर, गुण खोटा ठरत नाही तसं हेही खोटं करणं अवघड आहे.

दुसरा पुरावा शिफारसपत्राचा, आणि तिथे तुमच्यामाझ्यासारख्यांचं काम सुरू होतं. ‘मेहनती, नम्र, वर्गात पहिली’ असं पत्र मोठ्या नावाचं असलं तरी पोकळ ठरतं. उलट, ‘लेमा लागू न होणं आणि मूळ नसणं यांतला फरक तिने उदाहरणानं दाखवला, नंतर प्रश्न स्वतः वाढवला’ हे वाक्य सोलापूरच्या कॉलेजातून आलं तरी वजन ठेवतं. शक्य असेल तर दुसरं पत्र बाहेरच्या माणसाचं असावं. एमटीटीएससारख्या उन्हाळी शिबिरात मुलं काही आठवडे रोज प्रश्नांना तोंड देत असतात. तिथल्या शिक्षकांनी त्यांना विचार करताना पाहिलेलं असतं.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. एक पुस्तक लागतं आणि आठवड्यातून तासभर समोर बसून ‘हे गृहीतक काढलं तर सिद्धता कुठे मोडते?’ असं विचारणारं कुणीतरी. विषय मात्र पायाच्या जवळचा हवा. ग्रुप आणि रिंग कच्चे असताना स्कीम्सवर प्रकल्प करणाऱ्या मुलाची पानं वाचताना लगेच कळतं की व्याख्या उतरवल्यात, उदाहरण एकही नाही. फिजिक्सच्या मुलांचंही तेच: क्वांटम मेकॅनिक्समधला पर्टर्बेशन सिद्धांत हाताने लावून बघितलेला नसताना स्ट्रिंग थिअरीवरचं टिपण उलट नुकसान करतं.

वेळेचं म्हणाल तर दोन्ही बसतं. परदेशातले बहुतेक अर्ज डिसेंबरच्या आसपास जातात आणि जीआरईची विषय-परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देता येते. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष संपल्यावरची सुट्टी वाचनाला द्यावी, टिपण जुलैअखेर पूर्ण करावं आणि ऑगस्टपासून घड्याळ लावून पेपर सोडवावेत. परीक्षेला वर्षभर लागत असेल, तर कॅलक्युलस किंवा लीनिअर ॲल्जिब्रा कच्चं आहे असं समजावं आणि त्या मुलाने प्रकल्पाआधी तेच करावं. तिथे मी तुमच्या बाजूची आहे.

तुमच्या वर्गातलं कुणी तयार असेल तर त्याला x³ = 10 देऊन बघा, आणि पहिलं उत्तर ‘मूळ नाही’ आलं तर लगेच दुरुस्त करू नका.