फ्लॅश शिकण्याचा निर्णय चुकला नव्हता

संगणकाच्या क्षेत्रात आता नेमके काय शिकावे, हा प्रश्न नागपुरातले विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला सतत विचारतात. पाच वर्षांनी कोणत्या कौशल्याला मागणी असेल हे मला सांगता येत नाही आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मात्र निर्णय नीट घेतला गेला की नाही, हे भविष्य न कळताही तपासता येते. ती तपासणी न केल्यामुळे कितीतरी हुशार माणसे भलत्याच गोष्टीचा पश्चात्ताप करत बसतात, असे माझे ठाम मत आहे. माझ्या मामेभावाचे उदाहरण मी त्याच्या संमतीने येथे देत आहे.

२००९ मध्ये इंजिनिअरिंग संपल्यावर त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे जावाचा कोर्स करून पुण्याला जाणे, जे त्याच्या वर्गातल्या बहुतेकांनी केले. दुसरी म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रे चालवणारे फ्लॅश हे साधन आणि त्याची अॅक्शनस्क्रिप्ट ही भाषा शिकून नागपुरातच ई-लर्निंगच्या कामात शिरणे. वडिलांची प्रकृती नाजूक असल्यामुळे त्याला घर सोडायचे नव्हते, म्हणून त्याने फ्लॅश निवडले. बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठी, कारखान्यातल्या सुरक्षा-प्रशिक्षणासाठी, शाळांसाठी हलती चित्रे आणि प्रश्नमंजुषा असलेले धडे तो बनवू लागला. काम चांगले होते आणि पगार वेळेवर मिळत होता. पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशची मालक कंपनी अडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणेच बंद झाले.

आज तो दुसऱ्या कामात स्थिरावला आहे, तरीही जावा घेतलेल्या मित्राचा विषय निघाला की तो म्हणतो, "ताई, मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं ना."

या "तेव्हाच" शब्दापाशी मी त्याला थांबवले. तेव्हा म्हणजे नक्की केव्हा? आम्ही दोघांनी एका रविवारी बसून वर्षे मांडली. २००९ मध्ये टेबलावरच्या जवळपास प्रत्येक संगणकावर फ्लॅश होते आणि ब्राउझरमध्ये आवाज, चित्र व उत्तर तपासणे एकत्र करायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे साधन नव्हते. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का येणार नाही याची कारणे दिली. पण ते पत्र स्पर्धकाचे होते आणि त्याच वर्षी अँड्रॉइड फोनवर फ्लॅश चालूही लागले. त्या क्षणी पारडे कोणाकडे झुकेल हे जाणत्यांनाही सांगता येत नव्हते. नोव्हेंबर २०११ मध्ये मात्र चित्र बदलले, कारण मोबाइल ब्राउझरसाठी फ्लॅश प्लेअर यापुढे विकसित करणार नाही, असे खुद्द अडोबीनेच जाहीर केले. जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूबने व्हिडिओ आपोआप चालवण्यासाठी फ्लॅशऐवजी ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या एचटीएमएल५ ला पहिली पसंती दिली आणि जुलै २०१७ मध्ये अडोबीने शेवटची तारीख सांगून टाकली.

ही वर्षे एका कागदावर आली तेव्हा दिसले की त्याने एक निर्णय घेतला नव्हता, अनेक घेतले होते. २००९ चा निर्णय त्या वेळच्या माहितीवर आणि घरच्या परिस्थितीवर उत्तम होता. २०१० मध्ये थांबून पाहणेही समंजसपणाचे होते. दोष काढायचाच असेल तर तो २०१२ ते २०१६ या काळात काढावा लागेल. साधनाचा मालकच त्याच्या भविष्यातून एक पाय मागे घेत होता आणि तरी याने पर्यायाची तयारी सुरू केली नव्हती. पश्चात्तापाला इतका नेमका पत्ता मिळाला की त्याचा आकार बराच कमी होतो, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिले.

"तेव्हाच दिसत होते" ही भावना इतकी खरी का वाटते, यावर जुने संशोधन आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन व मॉस्कोच्या दौऱ्यावर निघण्यापूर्वी रूथ बेथ आणि बारूख फिशहॉफ यांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांना विचारले होते की, या दौऱ्यांत अमुक घटना घडण्याची शक्यता किती टक्के वाटते. दौरे उरकल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपापले आधीचे आकडे आठवून लिहायला सांगितले. जे घडले होते, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असे अनेकांना प्रामाणिकपणे आठवत होते, प्रत्यक्षात दिलेली नव्हती. १९७५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निकाल कळल्यावर स्मृती स्वतःच आपली नोंद दुरुस्त करून ठेवते. म्हणूनच माझ्या भावाला २००९ मध्ये धोका "दिसल्यासारखा" आठवतो. या खोटेपणावर एकच उपाय मला उपयोगी वाटतो, तो म्हणजे निर्णयाच्या दिवशीच काय माहीत होते ते लिहून ठेवणे.

त्या २०१२ ते २०१६ च्या काळाकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण नेमकी चूक कशी होते ते तिथेच कळते. त्याच्या टेबलावर काम कमी झालेच नव्हते, उलट वाढले होते. जुन्या धड्यांत बदल करणे, नवी भाषा घालणे, रंग व बोधचिन्ह बदलणे अशी कामे येत होती आणि या कामांना फ्लॅश जाणणारा माणूसच लागत होता. त्यामुळे "मागणी आहे की" असे त्याला वाटत राहिले आणि ते खोटेही नव्हते. पण ती मागणी देखभालीची होती. नवे धडे त्याच कार्यालयातली दुसरी टीम एचटीएमएल५ मध्ये बनवू लागली होती. मावळत्या तंत्रज्ञानाची खूण बहुधा अशीच असते: काम भरपूर असते, पण नवीन काम नसते. आजही कोबोल या जुन्या भाषेच्या जाणकारांना काम मिळते, कारण बँकांच्या जुन्या प्रणाली चालू ठेवायच्या असतात. नोकरीची शेवटची दहा वर्षे त्यावर काढणाऱ्याला ते पुरेसे आहे. बावीस वर्षांच्या मुलीसाठी तीच मागणी वेगळे सांगते. म्हणून नोकरीच्या जाहिराती मोजण्यापेक्षा मुलाखतीत विचारावे, की या पदावर नवीन बांधणी किती आणि जुन्याची देखभाल किती, आणि तुमच्या कंपनीने सर्वांत अलीकडे सुरू केलेला प्रकल्प कशात आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तरी ते उत्तरच असते.

त्याचे सगळे शिक्षण वाया गेले, हा त्याचा दुसरा समज होता आणि तोही टिकला नाही. अॅक्शनस्क्रिप्ट ३ आणि आजची टाइपस्क्रिप्ट यांतली एक-एक ओळ मी त्याला शेजारी लिहून दाखवली.

```
var score:int = 0;        // ActionScript 3
let score: number = 0;    // TypeScript
```

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. दोन्ही भाषांचे मूळ जावास्क्रिप्टच्या मानकात आहे. बटण दाबल्यावर काय घडावे, चित्र उतरेपर्यंत कसे थांबावे, ही विचारपद्धती जशीच्या तशी पुढे गेली. धडा पूर्ण झाल्याचे प्रशिक्षण-प्रणालीला कळवणारे स्कॉर्म हे मानकही फ्लॅशबरोबर गेले नाही. `LMSSetValue("cmi.core.lesson_status", "completed")` ही ओळ फ्लॅशच्या धड्यातून पाठवली जात होती आणि एचटीएमएल५ च्या धड्यातूनही पाठवली जाते. बुडाले ते फ्लॅशच्या खिडकीतले हाताचे कसब, कालपट्टीवर भराभर चौकटी हलवण्याचा वेग. त्या वेगासाठी त्याने रात्री घालवल्या होत्या आणि त्याचे दुःख करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण निवड करताना हे दोन थर वेगळे ठेवले, तर एखादे साधन बुडाल्यावर नेमके किती बुडेल याचा अंदाज आधीच येतो.

जावा घेतलेल्या मित्राविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की, न निवडलेल्या वाटेवरचे खड्डे आपल्याला कधीच दिसत नाहीत. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात दाखवले की, जवळच्या काळात माणसांना केलेल्या गोष्टी सलतात आणि संपूर्ण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. त्या मित्राने हिंजवडीत कित्येक वर्षे रात्रपाळीत सपोर्टचे काम केले, स्वतःच्या वडिलांच्या अखेरच्या आजारपणात तो इथे नव्हता, हे माझ्या भावाला ठाऊक असूनही हिशेबात कधी आले नव्हते. त्याचा पगार मात्र हिशेबात होता.

सध्या माझ्या शेजारची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे आणि फ्लटर शिकून मोबाइल अॅप बनवण्याच्या कामात जावे की नाही, या विचारात आहे. एका खासगी क्लासची भरमसाट फी कर्ज काढून भरण्याची तिची तयारी होती. मी तिला आधी तीन आठवडे फुकट साहित्यावर एक छोटे अॅप करून पाहायला सांगितले, कारण कर्ज मागे घेता येत नाही आणि तीन आठवडे परवडतात. तिने वडिलांच्या किराणा दुकानाच्या उधारीची वही अॅपमध्ये आणली. त्यात तिला कळले की पडदे रचण्यापेक्षा माहिती साठवण्याचा भाग तिला आवडतो आणि तिथेच ती अडतेही.

मग तिने एक पान लिहिले. निवड: फ्लटर, कर्जाशिवाय, सोबत माहिती साठवण्या-शोधण्यासाठीचे एसक्यूएल नीट शिकणे. एसक्यूएलची मुळे १९७० च्या दशकातली असून कोणत्याही अॅपच्या मागे ते लागण्याची शक्यता मोठी आहे, हे कारण तिने स्वतः लिहिले. ही निवड दोन वर्षांनी योग्य वाटेल याची खात्री: साठ टक्के. तिने आधी नव्वद लिहिले होते. मी विचारले की अशा दहा पैजांपैकी नऊ तू जिंकशील का, तेव्हा तिने आकडा खोडला. सोडून द्यावे अशी खूण: नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कमध्ये, मिहानमध्ये आणि पुण्यात मुलाखतींना गेल्यावर सगळ्या ठिकाणी फक्त जुन्या अॅपची देखभालच ऐकू आली तर, किंवा साधनाचा मालकच त्यातून हात काढू लागला तर. फेरविचार: डिसेंबरमध्ये.

साठ टक्के म्हणजे चाळीस टक्के वेळा हे फसेल, आणि फसले तर वाईट वाटेलच. ते वाटू नये यासाठी हा कागद नाही. निर्णय फसला म्हणून वाईट वाटते आहे, की खूण दिसूनही हललो नाही म्हणून, हे तिला त्या दिवशी ओळखता यावे, यासाठी तो आहे. पहिल्या दुःखात तिने स्वतःला बोल लावू नये आणि दुसऱ्यात मात्र जरूर लावावा. माझ्या भावाजवळ असा कागद नव्हता, त्यामुळे दोन्ही दुःखे एकत्र कालवली गेली आणि ती सुटी करायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

एक रकाना आम्ही दोघींनी रिकामा ठेवला आहे: आईला सोडून पुण्याला जायचे का. त्याला टक्के लावता येत नाहीत आणि त्याबद्दल तिच्या आईशी बोलल्याशिवाय तो भरायचा नाही, असे तिने ठरवले आहे.