"मॅडमच्या हाताला गुण आहे" एवढं लिहून पेशंटचं काही भागत नाही

आम्हा फिजिओथेरपिस्ट मंडळींच्या क्लिनिकच्या पोस्ट हल्ली एकाच छापाच्या झाल्या आहेत. हसऱ्या पेशंटचा फोटो, पाच तारे, आणि खाली "मॅडमच्या हाताला गुण आहे, दहा दिवसांत दुखणं गायब." पेशंट ते मनापासूनच म्हणतात, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या माणसाचा खांदा रात्री ठणकतोय आणि जो अंथरुणात पडून मोबाईलवर हे वाचतोय, त्याला यातून काहीच कळत नाही. आधी कोणतं काम अडलं होतं, सुटायला किती वेळ लागला, अजून काय जमत नाही, यातलं एकही अक्षर तिथे नसतं. तो दहा दिवसांच्या आशेवर येतो. अकराव्या दिवशी हात तिथेच असतो आणि तो यायचं बंद करतो.

फ्रोझन शोल्डरमध्ये हे सर्रास घडतं, म्हणून त्याचंच उदाहरण घेते. आमच्याकडे आलेल्या एका बाईंचा हा अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह, उजवा खांदा आखडलेला. मधुमेह असलेल्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि हट्टीही असतो. हात समोरून जेमतेम ९५ अंशांपर्यंत वर जायचा, आणि कोपर अंगाला लावून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितला तर १५ अंशांवर अडायचा. पाच महिन्यांनी हे आकडे १५० आणि ५० झाले.

हे आकडे आमच्या फाइलमध्ये असायलाच हवेत, पण पोस्टमध्ये ते मुख्य नसावेत. "तुम्हाला कसं वाटलं?" असं विचारलं की बाई "छान वाटलं" म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून मी वेगळं विचारते. कोणतं काम अडलं म्हणून तुम्ही आलात? ते पहिल्यांदा कधी जमलं? मध्ये सोडून द्यावंसं कधी वाटलं? अजून काय जमत नाही? मग जे बोलणं येतं ते त्यांच्याच शब्दांत राहू देते. या बाईंचं असं आलं:

"मला वेणी घालता येत नव्हती, लेक घालून द्यायची. पहिला महिना तर काहीच फरक नाही असं वाटलं, फक्त रात्रीची झोप जरा सुधारली. व्यायाम घरी रोज करायचे, कंटाळा यायचा. तिसऱ्या महिन्यात फडताळातला वरचा डबा काढला तेव्हा कळलं की हात चाललाय. आता वेणी घालते. मागे हात नेऊन हुक लावायला अजून त्रास होतो."

यातलं शेवटचं वाक्य बहुतेक जण कापतात. मी ते ठेवतेच. पाठीमागे हात नेण्याची हालचाल बऱ्याच जणींना सगळ्यात शेवटी परत येते, आणि तेच वाचून एखादी बाई चौथ्या महिन्यात धीर धरते. "पहिला महिना फरक नाही" हे वाक्यही तितकंच मोलाचं. सुरुवातीच्या दुखऱ्या टप्प्यात आम्ही जोर लावून खांदा ताणत नाही, कारण त्याने दुखणं चाळवतं. त्या काळात दुखणं आणि झोप आटोक्यात आणणं हेच काम असतं. पेशंटला मात्र वाटतं की इथे काही चाललेलंच नाही.

त्याखाली आमच्या बाजूने दोन ओळी लिहिते, आणि माझ्या मते प्रत्येक क्लिनिकने त्या लिहायला हव्यात. फ्रोझन शोल्डर बऱ्याच जणांचा काळ जाईल तसा आपोआपही सैल होतो, त्याला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. म्हणजे या बाईंच्या सुधारणेतला किती वाटा उपचाराचा आणि किती काळाचा, हे एका पेशंटवरून कुणालाच सांगता येणार नाही. कंबरेच्या अचानक उसळलेल्या दुखण्याचं तर याहून सोपं आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना काही आठवड्यांत पुष्कळ आराम पडतोच. त्यामुळे "दोन सिटिंगमध्ये कंबर मोकळी" हा अनुभव खरा असूनही त्यावरून क्लिनिकची पारख होत नाही.

आता आधी-नंतरच्या व्हिडिओबद्दल, कारण फसगत तिथे जास्त होते. आखडलेल्या खांद्याचा माणूस हात वर करताना खांदा कानाकडे उचलतो आणि कंबरेतून मागे रेलतो. तसं केलं की हात २०-३० अंश जास्त वर गेल्यासारखा दिसतो. "आधी"चा व्हिडिओ ताठ बसवून आणि "नंतर"चा उभं राहून, रेललेल्या अवस्थेत घेतला की एका दिवसात चमत्कार दाखवता येतो. बघणाऱ्याने हाताकडे बघू नये. कान आणि खांद्यातलं अंतर बघावं, बरगड्या पुढे आल्यात का ते बघावं. करणाऱ्याने दोन्ही वेळा तीच खुर्ची, पाठ टेकलेली, कॅमेरा त्याच जागी ठेवावा आणि मधले दिवस व्हिडिओवरच लिहावेत. गुडघा बदललेल्या पेशंटला उकिडवं बसवून काढलेले व्हिडिओही मला धडकी भरवतात. बहुतेकांना सर्जन तसं न बसण्याचाच सल्ला देतात, आणि व्हिडिओ बघून दुसरा कुणी घरी प्रयत्न करतो.

परवानगीचं एक सांगते. उपचार चालू असताना, टेबलावर झोपलेल्या पेशंटला "एक व्हिडिओ घेऊ का?" विचारलं तर तो नाही म्हणूच शकत नाही, उद्या त्याला आपल्याकडेच यायचं असतं. उपचार संपल्यावर, शक्यतो उपचार न करणाऱ्या माणसाने विचारावं, आणि नुसते शब्द, नाव, आवाज, चेहरा यांची संमती वेगवेगळी लेखी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे: संमती कशासाठी ते नेमकं सांगायचं, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. टाकण्याआधी फोटो मोठा करून बघा. मागच्या भिंतीला लावलेल्या एक्स-रेवर नाव असतं, बाजूच्या टेबलावर दुसरा पेशंट असतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटवर नंबर राहून जातो.

गूगलवरचे रिव्ह्यू पोस्टमध्ये वापरायचे तर मागण्याची पद्धतही स्वच्छ हवी. "आवडलं असेल तर गूगलवर लिहा, नसेल तर आम्हाला सांगा" ही युक्ती बरेच जण शिकवतात. गूगलच्या नियमांत फक्त खुश गिऱ्हाइकांना निवडून विचारणं बसत नाही, आणि रिव्ह्यूच्या बदल्यात एक सिटिंग फुकट देणंही नाही. उपचार संपवणाऱ्या प्रत्येकाला एकच मेसेज पाठवावा. मग चार ताऱ्यांचे, "वेळ दिला तरी अर्धा तास थांबावं लागतं" असेही रिव्ह्यू येतील. ते कापू नका.

आणि वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना "तुम्ही तीनच वेळा आलात, व्यायाम केले नाहीत, तुमची शुगरही वाढलेली होती" असं कृपा करून लिहू नका. त्या एका ओळीत तुम्ही त्या माणसाचा आजार गावभर केलात. "तुमची तक्रार वाचली, क्लिनिकच्या नंबरवर फोन करा, आपण समोर बसून बोलू" एवढं पुरतं. वाचणारे पुढचे पेशंट तुमचं हे उत्तरसुद्धा वाचतात, आणि आपली फाइल इथे सुरक्षित राहील का, हे त्यावरूनच ठरवतात.