फेअरवेलला मी बिघडलेला ब्रॅकेट घेऊन गेलो

परवा ठाण्यात, मी जिथून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला त्या कॉलेजात, शेवटच्या वर्षाच्या पोरांचा फेअरवेल होता. मॅडम फोनवर म्हणाल्या, "पाच मिनिटं बोल, काहीतरी मोटिव्हेशनल." पहिला खर्डा घरी मोठ्याने वाचला तर अकरा मिनिटं झाली. त्यातली दोन 'सन्माननीय व्यासपीठ'मध्येच गेली होती. बायको भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "यात तू नापास कुठे झालास? सगळीकडे दुसऱ्यांनीच तुला त्रास दिलाय."

बरोबर होतं तिचं. अपयशाची भाषणं आपण अशीच करतो. बॉस वाईट होता, परिस्थिती हलाखीची होती, आणि बघा, आज मी कुठे आहे! हे अपयश नव्हे, आत्मचरित्राची जाहिरात. म्हणून सगळं फाडलं आणि एकच गोष्ट ठेवली, ज्यात चूक निव्वळ माझी होती.

२००९ साल. रबाळ्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी नवा ट्रेनी. अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं, एका ब्रॅकेटचं. एका टोकाला पायरी, एका कडेजवळ दोन भोकं. एकूण ४० नग. सुपरवायझरनी विचारलं, "समजलं ना?" मी म्हणालो, "हो सर."

कॉलेजात आपण ड्रॉइंगची फर्स्ट अँगल पद्धत शिकतो. त्यात वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो, तिथे ते वर असतं. कुठली पद्धत वापरली आहे ते टायटल ब्लॉकमधल्या, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतल्या, छोट्या चिन्हावरून कळतं: कापलेल्या शंकूचं चित्र आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. शंकूचं निमुळतं टोक डावीकडे धरलं, तर वर्तुळं उजवीकडे असली की फर्स्ट, डावीकडे असली की थर्ड. मला ते चिन्ह दिसलं होतं. काहीतरी वेगळं आहे असं वाटलंही होतं. पण ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिला आलेला मुलगा हे विचारायला कसा जाणार?

मी वरचं चित्र खालून पाहिल्यासारखं वाचलं. पुढच्या कडेची भोकं मागच्या कडेला गेली. समोरच्या चित्रात भोकांच्या तुटक रेषा दोन्ही बाबतींत सारख्याच येतात, त्यामुळे तिथेही शंका आली नाही. पायरी मात्र जागच्या जागी. म्हणजे उजव्या पायाची चप्पल मागितली आणि मी डावी केली. कितीही फिरवा, बसणार नाही.

मशीनवरच्या काकांनी पहिला नग काढला आणि विचारलं, "पोरा, सायबाला दाखवून घेऊ का?" मी म्हणालो, "काका, मी मोजलाय, चालू द्या." खरंच मोजला होता, व्हर्निअरने. मापं सगळी बरोबर होती. चाळीसच्या चाळीस नगांची बरोबर होती! संध्याकाळी जोडणीचा दुसरा भाग आणून बोल्ट लावायला गेलो तेव्हा कळलं.

सुपरवायझर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पहिला दाखवला असतास तर एकच बिघडला असता." मग काकांनी चाळीस तुकडे स्क्रॅपच्या पिंपात टाकले, एकेक करून. तो आवाज अजून कानात आहे. ठाण्याची लोकल ऐरोली सोडून गेली तरी मी दरवाज्यात तसाच उभा होतो.

पोरांना मी सांगितलं ते एवढंच. नोकरीत कोणी "समजलं ना?" विचारलं की "हो सर" म्हणू नका, काय समजलं ते आपल्या शब्दांत परत सांगा. आणि पहिला नग झाला की थांबा, ज्याला तो वापरायचाय त्याला दाखवा, मग पुढचे ३९. कोड लिहिणाऱ्यांनाही हेच, दुकान टाकणाऱ्यांनाही हेच. 'स्वप्नं बघा' वगैरे काही बोललो नाही, आणि त्यानंतर मी काय झालो तेही नाही. साडेचार मिनिटांत संपलं. (मागे डीजे टेस्टिंग करत होता, त्याचाही उपकार.)

बोलता बोलता दोन ब्रॅकेट पहिल्या रांगेत फिरवायला दिले होते, एक जपून ठेवलेला स्क्रॅपमधला आणि एक नंतर नीट केलेला. मला वाटतं, भाषणापेक्षा तेच जास्त ऐकलं गेलं. शब्दांच्या वेळी मोबाइलमध्ये असलेली पोरं लोखंड हातात आलं की उलटंपालटं करून बघायला लागली.

कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या रांगेतली एक मुलगी दोन्ही हातांत दोन ब्रॅकेट घेऊन आली. "सर, यातला बरोबर कुठला?"

मी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि दोन्ही टेबलावर ठेवून आधी ड्रॉइंग काढलं.