अंगठा जुळला नाही म्हणून पेन्शन जात नाही

«सर्व पेन्शनर ज्येष्ठांनी लक्ष द्या!! ज्यांचा अंगठा मशीनवर लागत नाही त्यांचे आधार बंद होऊन ३० नोव्हेंबरनंतर पेन्शन कायमची बंद होणार. बँकेत कागदी हयातीचा दाखला आता चालत नाही. जाण्याआधी बोटे लिंबू-मिठाने चांगली घासा म्हणजे रेषा वर येतात. नाहीतर घरबसल्या चेहऱ्याने करा, खालील नंबरवर आधार नंबर व ओटीपी पाठवा. पुढे पाठवा.»

लालबागच्या चाळीच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि माझ्या मावशीने तो अक्षरशः पाळला. काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. वय ७८. आयुष्यभर धुणीभांडी केलेले हात. तिने लिंबू-मीठ लावून भांड्यांच्या घासणीने दोन्ही अंगठे घासले. मी पोचले तेव्हा अंगठ्यांची टोकं लाल होती आणि उजव्या अंगठ्याची साल निघाली होती.

म्हणून आधी लिंबू-मिठाचंच बोलते. मशीन वाचतं ते बोटावरच्या उंचवट्याच्या रेषा. वय झालं की त्या सपाट होतात, कातडी कोरडी आणि सैल पडते, काचेवर नीट टेकत नाही. घासल्याने उरलेला उंचवटाही जातो, लिंबाने कातडी आणखी सुकते आणि मशीनला तुटक रेषा दिसतात. खरं करायचं ते नेमकं उलट. कामाने झिजलेल्या रेषा घासणं थांबलं की काही आठवड्यांत बऱ्याच परत येतात, म्हणून नोव्हेंबरच्या आधी काही दिवस रात्री हाताला खोबरेल तेल लावायचं. जायच्या दिवशी कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. तेलकट बोट काचेवर ठेवायचं नाही. आणि अंगठ्याचाच हट्ट कशाला? आधारमध्ये दहाही बोटं नोंदवलेली असतात. बाकीची बोटंही एकेक करून लावून बघायची. मशीनची काच आधीच्या माणसाच्या घामाने माखलेली असेल तर ती पुसायला सांगायला लाजू नका.

तरीही नाही जमलं तर स्क्रीनवर काय आलं ते वाचा, निदान फोटो काढून ठेवा. सेंटरवाला सरसकट «आधारमध्ये प्रॉब्लेम आहे» म्हणतो, आणि तिथूनच आधार बंद झाल्याची अफवा निघते. एरर ३०० म्हणजे दिलेलं बोट नोंदीशी जुळलं नाही, एवढंच. त्याने आधार बंद होत नाही, पेन्शनच्या खात्यात काही नोंद होत नाही. एरर ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे. बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी फसवणुकीच्या भीतीने केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. ते आधारच्या साइटवरून नोंदवलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने उघडता येतं. त्यात बोटांचा काहीच दोष नाही. मावशीच्या पावतीवर ३०० होतं.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला पोचला नाही तर पुढची पेन्शन थांबते. पण «कायमची» हे खोटं. दाखला दिला की पेन्शन सुरू होते आणि अडकलेले महिने थकबाकीसह मिळतात. ८० च्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. पीएफची पेन्शन असेल तर नोव्हेंबरची घाईच नाही, शेवटचा दाखला दिल्यापासून १२ महिने चालतो.

आता कागदाचं. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतंय, कारण म्हातारी माणसं कागद घेऊन बँकेत जाणंच सोडून देतात. १८ मार्च २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत स्पष्ट आहे की जीवन प्रमाणसाठी, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्यासाठी, आधार पडताळणी ऐच्छिक आहे आणि जी कार्यालयं ती वापरतात त्यांनी दाखला देण्याचा दुसरा मार्ग ठेवलाच पाहिजे. मावशीच्या शाखेतल्या काउंटरवर आम्हालाही «आता डिजिटलच» ऐकवलं गेलं. मी म्हटलं, ठीक आहे, कागदी दाखला घेत नाही असं लिहून द्या. मग आतल्या अधिकाऱ्याकडे पाठवलं आणि काम झालं.

काम असं होतं: हयातीच्या दाखल्याचा फॉर्म शाखेत मिळतो. त्यावर पेन्शनच्या आदेशपत्रावर म्हणजे पीपीओवर आहे तसंच नाव, पीपीओ नंबर, खाते नंबर. सोबत पासबुक आणि पीपीओची झेरॉक्स. सही घरून करून न्यायची नाही, अधिकाऱ्यासमोरच करायची. सही होत नसेल तर शाईचा अंगठा चालतो, आणि शाईच्या अंगठ्याला कुठलंही मशीन नाकारत नाही. मग अधिकारी सही-शिक्का करतो. शाखेत जाणं शक्यच नसेल तर राजपत्रित अधिकारी, मॅजिस्ट्रेट किंवा पोस्टमास्तर यांच्या सहीचा दाखला केंद्रीय पेन्शनरांना चालतो, मग पेन्शनरला स्वतः हजर राहावं लागत नाही. राज्य सरकारच्या पेन्शनरांची तर बँकेत यादी येते, आपल्या नावापुढे सही करायची असते.

चेहऱ्याचं म्हणाल तर हो, ते २०२१ पासून खरंच आहे, पण कुठल्याही नंबरवर काही पाठवून होत नाही. मोबाइलवर AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan ही दोन ॲप अधिकृत स्टोअरमधून घ्यायची. आधी ऑपरेटर म्हणून मुलगा, सून, भाची कुणीही स्वतःच्या आधारने नोंद करते, मग पेन्शनरची माहिती भरून चेहरा टिपायचा. ओटीपी येतो तो आपणच ॲपमध्ये टाकायचा. फोनवर ओटीपी मागणारा माणूस चोर आहे, कारण कुठलंही पेन्शन कार्यालय फोनवरून दाखला करून देत नाही. चेहरा आधारच्या फोटोशी जुळवला जातो आणि डोळ्यांची उघडझाप पाहिली जाते. मावशीला आम्ही आधी गॅलरीकडे पाठ करून बसवलं होतं, मागच्या उजेडाने चेहरा काळा पडत होता. तोंड गॅलरीकडे केलं, चष्मा काढला, तरी पापण्या मिटायच्या वेळी ती कॅमेऱ्याकडे टक लावूनच पाहायची. शेवटी नाद सोडला. पोस्टमन घरी येऊनही करून देतो, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे ७० रुपये पडतात. पण तोही आधी बोटाचं मशीनच काढतो, म्हणून बोलावतानाच चेहऱ्याने करायचं आहे हे सांगा.

ॲपवरून झालं तर प्रमाण आयडीचा मेसेज येतो. तो आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पीपीओचा किंवा खात्याचा एक आकडा चुकला तरी दाखला तयार होतो आणि मग पेन्शन देणाऱ्या बँकेकडून नाकारला जातो. आठवड्याने बँकेत विचारून घ्या. आणि कागद दिला असेल तर पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. कुठल्याही शाखेत दाखला दिला तरी ती शाखाच तो सिस्टिममध्ये चढवते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. म्हणजे मुलाकडे ठाण्याला किंवा कल्याणला गेलेल्या आजीने लालबागच्या शाखेत यायची गरज नाही. त्याच बँकेची जवळची शाखा गाठायची आणि तारखेसह शिक्क्याची पोच मागायची.